स्क्रीनशॉटमधली सकाळ

रविवार, रात्री उशिरा

दुपारी पोस्टचे आकडे दाखवणाऱ्या इनसाइट्सचा स्क्रीनशॉट काढला आणि वही घेऊन बसले. सुलेखनाच्या माझ्या पानावरच्या गेल्या महिन्यातल्या आठ पोस्ट: चार सकाळी आठला टाकलेल्या, चार रात्री नऊला. यातली कोणती वेळ कायम धरायची, एवढंच ठरवायचं होतं.

प्रत्येक पोस्टचे लाइक, कमेंट, शेअर आणि सेव्ह एकत्र केले, प्रतिसादांच्या त्या बेरजेला रीचने, म्हणजे पोस्ट किती जणांना दिसली त्या आकड्याने, भागलं आणि शंभरने गुणलं. हा झाला प्रतिसादाचा रेट. सकाळचे रेट आले २०, ६, ५ आणि ६ टक्के, सरासरी सव्वानऊ. रात्रीचे ७, ७, ६ आणि ३, सरासरी पावणेसहा. सकाळ एवढी पुढे बघून मी पुढच्या सगळ्या पोस्ट सकाळी आठला लावूनही टाकल्या.

जेवताना ते २० टक्के डोक्यातून जाईनात. बाकी कुठलीच पोस्ट सातच्या वर नाही, मग हीच एवढी कशी? पुन्हा स्क्रीनशॉट उघडला. रीच फक्त १५०, प्रतिसाद ३०. ही आजच सकाळची पोस्ट होती आणि मी स्क्रीनशॉट काढला तेव्हा तिला जेमतेम पाच तास झाले होते. पहिल्या काही तासांत पोस्ट बघणाऱ्यांत माझी अक्षरं मनापासून आवडणारे जास्त असतात, आणि ते लगेच लाइक करतात, सेव्ह करतात. पोस्ट पुढे पसरते तशी नुसती बघून जाणारी माणसं वाढतात आणि रेट खाली येतो. म्हणजे मी पाच तासांच्या पोस्टची तुलना तीन आठवडे जुन्या पोस्टशी करत होते. स्क्रीनशॉट एका क्षणाचा असतो, पण त्यातल्या पोस्टची वयं वेगवेगळी असतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग रात्रीचे ते ३ टक्के तपासले. ती रील निघाली. रीच ५,०००, प्रतिसाद १५०. ती बघणारे बहुतेक जण मला फॉलो न करणारे होते, म्हणून रेट कमी. पण प्रतिसाद आठही पोस्टमध्ये सर्वांत जास्त तिलाच होता. बाकी सातही पोस्ट कॅरोसेल होत्या, म्हणजे एकामागून एक सरकवून बघायच्या चित्रांच्या. रीलच्या रेटवरून रात्रीच्या वेळेला दोष देणं चुकीचंच.

या दोन्ही पोस्ट हिशेबातून वगळल्या. सकाळच्या उरलेल्या तीन पोस्टचे मिळून १४९ प्रतिसाद आणि २,६५० रीच, म्हणजे ५.६ टक्के. रात्रीच्या तीन पोस्टचे २१३ प्रतिसाद आणि ३,२०० रीच, म्हणजे जवळजवळ ६.७. निकाल उलटा झाला! या वेळी रेटची सरासरी न काढता आधी बेरजा केल्या आणि मग भागाकार, कारण सरासरीत १५० रीचच्या पोस्टचं वजन हजार रीचच्या पोस्टइतकंच धरलं जातं.

तरी आता रात्रच चांगली असं मी म्हणणार नाही. तीन-तीन पोस्टवर एका टक्क्याचा फरक म्हणजे फारच थोडा आहे. एखाद्या मोठ्या पानाने माझी एक पोस्ट शेअर केली तरी तो पुसला जाईल. शेड्यूल केलेल्या सगळ्या पोस्ट आत्ताच रद्द केल्या.

बुधवार

तीन दिवस एक गोष्ट मनात घोळते आहे. रीचने भागलं की कळतं, ज्यांना दिसलं त्यांना आवडलं का. पण पोस्टच्या वेळेचा खरा परिणाम मुळात किती जणांना दिसलं यावरही होतो, आणि भागाकारात तोच झाकला जातो. म्हणून वहीत आता रेटशेजारी रीच आणि एकूण प्रतिसाद असे आणखी दोन रकाने आखले. जुन्या सहा पोस्टपुरतं बघितलं तर सकाळच्या पोस्टला सरासरी ५० प्रतिसाद, रात्रीच्या पोस्टला ७१. इथेही रात्रच पुढे दिसते, तरी पोस्ट त्याच तीन-तीन आहेत.

फॉलोअर ॲक्टिव्ह असण्याच्या वेळांचा तक्ताही पाहिला. त्यात ते केव्हा ॲपवर असतात एवढंच दिसतं, केव्हा थांबून वाचतात ते नाही. त्यातून मी फक्त या दोन वेळा ठेवल्या.

आता नियम असा: फक्त कॅरोसेल, फक्त गुरुवारी, एका आठवड्यात सकाळी आणि पुढच्यात रात्री. आकडे पोस्ट टाकल्यापासून बरोबर ४८ तासांनी लिहायचे. तोवर प्रत्येक पोस्टच्या वाट्याला दोन सकाळी आणि दोन रात्री आलेल्या असतात, आणि वयही सगळ्यांचं सारखं. मध्ये कुणी मोठ्या पानाने शेअर केलं तर समोर खूण करायची. प्रत्येक वेळेच्या आठ पोस्ट होईपर्यंत, म्हणजे सोळा आठवडे, निकाल काढायचा नाही.

उद्या रात्री नऊला पहिली पोस्ट. शनिवारी रात्री नऊचा गजर लावून ठेवला आहे.