चौकटी भरता येतात, पण गणित सुटत नाही

दहावीला भूमिती शिकवताना मला वर्षानुवर्षं एक कोडं पडायचं. निर्देशक भूमितीत 'AB हे अंतर काढा' म्हटलं की मुलं पटापट काढतात. बोर्डाच्या पेपरात 'कृती पूर्ण करा' म्हणून चौकटी दिल्या की त्याही बिनचूक भरतात. पण 'A(5, 5), B(-2, 4), C(2, -4) या बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र आणि त्रिज्या काढा' असं विचारलं की तीच मुलं पेन धरून बसून राहतात.

काही जण बसत नाहीत, लिहितात. त्यांच्या वह्या पाहिल्यावर मला खरी अडचण कळली. AB, BC, CA अशी तिन्ही अंतरं त्यांनी काढलेली असतात, उत्तरंही बरोबर असतात आणि पुढे पान कोरं. ती अंतरं या गणितात लागतच नाहीत. तीन बिंदू समोर दिसले, अंतराचं सूत्र पाठ आहे, म्हणून हात तिकडे वळला. आकडेमोड त्यांना येते. आधी काय करायचं हे ठरवणं जमत नाही, आणि कृतीच्या चौकटींत नेमकं तेच आयतं मिळतं. पायऱ्या छापलेल्या असतात, मुलाने फक्त आकडा टाकायचा.

म्हणून मी उलटं करून पाहिलं. पानाच्या मधोमध रेघ मारली. उजवीकडे गणित, डावीकडे त्या ओळीमागचं कारण साध्या वाक्यात. पहिलं उदाहरण मी दोन्ही बाजूंनी पूर्ण सोडवून दिलं:

'केंद्र माहीत नाही, म्हणून त्याला नाव देऊ': P(x, y).
'केंद्रापासून वर्तुळावरचे सगळे बिंदू सारख्या अंतरावर': PA = PB = PC.
'वर्गमूळ नको, म्हणून वर्ग घेऊ': PA² = PB².

इथे मुलं दुसऱ्यांदा थबकतात. (x - 5)² + (y - 5)² = (x + 2)² + (y - 4)² पाहिलं की वर्गसमीकरण आलं असं वाटून हात आखडतो. मी विस्तार दोन ओळींत वर-खाली लिहायला लावते. मग x² आणि y² दोन्हीकडे आहेत हे डोळ्यांनाच दिसतं, ते गेले की उरतं 7x + y = 15. तसंच PB² = PC² वरून x = 2y. म्हणून y = 1, x = 2. केंद्र (2, 1), त्रिज्या PA = √(9 + 16) = 5. PB आणि PC सुद्धा 5 येतात का, हे पाहिल्याशिवाय वही मिटायची नाही. -(-2) चं +2 करायचं राहिलं असेल तर इथेच पकडलं जातं.

पुढच्या उदाहरणात उजवी बाजू पूर्ण देते, डावी कोरी. आकडे माझे, कारणं त्यांची. पहिल्यांदा मुलं कुरकुरली. "मॅडम, गणितात वाक्यं कशाला?" हुशार मुलं जास्त वैतागतात, कारण त्यांना उत्तर येतं आणि कारण सांगताना अडखळायला होतं. त्यानंतरच्या उदाहरणांत उजवी बाजू खालून वर पुसत जाते: आधी शेवटची त्रिज्या, मग समीकरणं सोडवणं, मग समीकरणं मांडणं. सगळ्यात शेवटी 'P(x, y) मानू' ही पहिली ओळ जाते. ती आधी काढली तर पान पुन्हा कोरंच राहतं.

आधार खरंच सुटला का, हे त्याच साच्याच्या गणितावर कळत नाही. मी विचारते: Y-अक्षावरचा असा बिंदू काढा, जो A(5, 5) आणि B(-2, 4) पासून समदूर आहे. ज्यांनी साचा पाठ केला ते पुन्हा P(x, y) मानतात, 7x + y = 15 पर्यंत येतात आणि दुसरं समीकरण शोधत बसतात. ज्यांच्या डाव्या बाजूला 'बिंदू Y-अक्षावर आहे, म्हणून x शून्य' असं वाक्य येतं ते P(0, y) मानतात आणि (0, 15) वर पोचतात. अडलेल्याला मी सूत्र सांगत नाही, एवढंच म्हणते, "अगं, बिंदू कुठे आहे ते लिहिलंस का?" बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

'दिलेला चौकोन समांतरभुज आहे हे दाखवा' अशा गणितांना मात्र ही पद्धत अपुरी पडते. तिथे चढ, अंतर, कर्णांचे मध्यबिंदू, तिन्ही वाटा बरोबर असतात आणि मुलं वाट निवडण्यातच अडकतात. तिथे मी डाव्या बाजूची पहिली ओळ ठरवून टाकते: आधी चौकोनाचा कोणता गुणधर्म वापरणार ते शब्दांत लिहायचं, मगच सूत्र. 'संमुख भुजा समांतर' लिहिलं की चढ काढायचा, 'कर्ण एकमेकांना दुभागतात' लिहिलं की मध्यबिंदू. दुसरा मार्ग आकडेमोडीला सोपा, पण बरीच मुलं पहिलाच निवडतात, आणि एखादी बाजू उभी निघाली की चढाच्या छेदात शून्य येऊन पुन्हा माझ्याकडे येतात.