लाईन शाफ्टचं कपलिंग : चार बोल्टांपैकी भार नेमका कोण उचलतं?

मागच्या नोंदीनंतर लाईन शाफ्टचे दोन्ही तुकडे प्लमर ब्लॉकवर बसवून झाले. शाफ्ट 40 मिमीचा आहे आणि मधला जोड कास्ट आयर्नच्या फ्लँज कपलिंगचा. हे कपलिंग जुन्या बाजारात मिळालं. प्रमाणं अगदी पुस्तकातली: हब 80, बाहेरचा व्यास 160, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी 120, चार भोकं, प्रत्येक 11 मिमीचं, त्यात एम10 बोल्ट. एका फ्लँजवर स्पिगॉट, म्हणजे मधला गोल उंचवटा, आहे, दुसऱ्यावर त्याची खाच. कपलिंग बंद केलं की दोन्ही फ्लँज एका केंद्रावर येतात.

इंजिन लिस्टर पद्धतीचं, 6 एचपी, 650 आरपीएमला. पट्ट्याने वेग निम्मा केलाय, म्हणजे शाफ्ट 325 ला फिरतो. त्यामुळे शाफ्टवर टॉर्क साधारण 131 न्यूटन-मीटर येतो. इंजिन एका सिलिंडरचं, त्यात पट्ट्याचे झटके, म्हणून दीडपट करून मी 200 धरतो.

आता हिशोब. पीसीडी 120 म्हणजे त्रिज्या 0.06 मीटर.

```
T = n × F × r
F = 200 / (4 × 0.06) ≈ 833 न्यूटन
```

एका बोल्टावर 833 न्यूटन, म्हणजे पंच्याऐंशी किलोच्या आसपास. एम10 च्या शँकवर, म्हणजे बिनआट्याच्या दांड्यावर, कातर-ताण जेमतेम साडेदहा मेगापास्कल. साध्या बोल्टासाठी हे काहीच नाही. मग जुन्या लोकांनी एवढे जाड बोल्ट का ठेवले?

याचं उत्तर सूत्रातल्या `n` मध्ये, म्हणजे बोल्टांच्या संख्येत आहे. चारही बोल्ट एकाच वर्तुळावर असल्यामुळे एक फ्लँज दुसऱ्याच्या तुलनेत जरासा फिरला की चारही भोकं सारख्याच अंतराने सरकतात. बोल्टांचा ताठपणा सारखा असेल तर जोरही सारखा. पण यासाठी चारही बोल्ट एकाच क्षणी भोकाच्या भिंतीला टेकलेले हवेत. 11 च्या भोकात 10 चा बोल्ट असताना तसं होत नाही. जो आधी टेकेल तो भार घेतो आणि दुसऱ्याची फट भरून निघायला पहिल्याला तेवढं दबावं लागतं. इतक्या जाड बोल्टाचं दबणं असतं काही शतांश मिमी. आखून पंच मारून केलेल्या भोकांत जागेचा फरक मात्र सहज दोन दशांशांचा निघतो.

हे डोळ्यांनी बघायचं होतं. एका बाजूचा शाफ्ट पुलीतून साखळी ओवून खांबाला जखडला. दुसऱ्या बाजूला एक मीटरचा पाईप क्लॅम्प केला. नट फक्त हलके टेकवले, आवळले नाहीत. पाईपच्या टोकाला 20 किलोचं वजन टांगलं, म्हणजे साधारण 196 न्यूटन-मीटर. आता प्रत्येक बोल्टाचं डोकं बोटांनी फिरवून बघायचं. ज्यावर भार आहे तो जागचा हलत नाही, ज्यावर नाही तो गरगर फिरतो. साधी युक्ती आहे, पण एवढं स्पष्ट उत्तर कुठलाही कागदी हिशोब देत नाही. वजन हलकं असताना फक्त 1 नंबरचा बोल्ट घट्ट होता. पूर्ण वजनाला 1 आणि 3 घट्ट झाले. 2 आणि 4 शेवटपर्यंत मोकळे फिरत होते.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली ती पहिल्या टप्प्यातली. एकच बोल्ट भार घेतो तेव्हा नुसता टॉर्क जात नाही. एका बाजूच्या जोराला तोल देणारा उलटा जोर कुठूनतरी यावा लागतो आणि तो स्पिगॉट देतो. फ्लँजच्या कडेला लावलेल्या डायलचा काटा सात-आठ शतांश सरकला, तो स्पिगॉटच्या खाचेतली फट संपेपर्यंत. म्हणजे शाफ्ट आडवा ढकलला जात होता आणि तो धक्का शेवटी बेअरिंगकडेही जाणार. समोरासमोरचे दोन बोल्ट सारखे टेकले तरच निव्वळ वळण उरतं.

बोल्ट तुटेल का? नाही. एकट्याने सगळा भार घेतला तरी 3333 न्यूटन, कातर-ताण सुमारे 42 मेगापास्कल. खरं नुकसान सैलपणाचं असतं. दोन्ही फ्लँजच्या भोकांत मिळून मधल्या जागेपासून प्रत्येक बाजूला 1 मिमीपर्यंत खेळ, म्हणजे 60 मिमी त्रिज्येवर जवळपास एक अंश. नट सैल झाला की इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला कास्ट आयर्नचं भोक आतून ठोकलं जातं आणि अंडाकृती होतं.

मग नट आवळलेले असताना काय होतं? तेव्हा बोल्टाच्या शँकला कामच नसतं, फ्लँजच्या चेहऱ्यांमधलं घर्षण भार नेतं. 8.8 ग्रेडचा एम10 बोल्ट 45 न्यूटन-मीटरला आवळला की साधारण 22 किलोन्यूटन दाब येतो. चार बोल्टांचा 90 धरा. घर्षणांक 0.15 घेतला तर 60 मिमी त्रिज्येवर 800 न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क झेपतो. गरजेच्या चौपट. चेहऱ्यांवर ग्रीस राहिलं तर हाच आकडा बराच खाली येतो, म्हणून चेहरे थिनरने पुसून कोरडे ठेवायचे.

एवढं असूनही मी भोकं रीम करायचं ठरवलं, कारण घर्षण फक्त नट घट्ट असेपर्यंतच साथ देतं. मित्राच्या वर्कशॉपमधल्या मिलिंगवर दोन्ही फ्लँज 40 च्या मँड्रेलवर एकत्र बांधले. आधी बोअरिंग हेडने भोक 11.8 पर्यंत सरळ केलं, कारण साधं ड्रिल जुन्या भोकाच्याच मागे जातं. मग 12 चा रीमर हळू, दोन्ही फ्लँजमधून एका दमात. एक भोक झालं की त्यात बोल्ट बसवायचा, मग समोरचं, मग उरलेली दोन. बोल्ट इएन8 पोलादाचे लेथवर काढले: शँक 12, आटे एम10 चे, शँक भोकात हाताने ढकलून बसेल अशी, फट एक-दोन शतांशांपलीकडे नाही. शँकची लांबी दोन फ्लँजच्या 40 मिमी जाडीपेक्षा थोडी कमी ठेवली, नाहीतर नट शँकच्या खांद्यावर बसतो आणि फ्लँज दाबलेच जात नाहीत. प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकाचा, म्हणून दोन्हींवर नंबर पंच केले.

इएन8 हे 8.8 इतकं मजबूत नाही, म्हणून नट 20 न्यूटन-मीटरलाच आवळले. त्यात प्रत्येकी 10 किलोन्यूटनच्या आसपास दाब येतो आणि घर्षणाची क्षमता साधारण 360 न्यूटन-मीटर होते. आधीपेक्षा कमी, तरी 200 च्या वर. रोजचा भार घर्षणानेच न्यावा, शँक मागे उभी असावी, असं माझं मत झालंय.

नट सैल ठेवून पुन्हा वजन टांगलं. या वेळी चारही बोल्ट बोटांना जागचे हलले नाहीत आणि डायलचा काटा जवळजवळ स्थिर राहिला.

नट पूर्ण आवळून दोन्ही फ्लँजच्या कडेवर एक आडवी रेघ ओढली आहे. घसरण झाली तर रेघ तुटलेली दिसेल. काही तास चालवून नट पुन्हा तपासायचे आणि बोल्ट एकेक काढून बघायचं. चेहऱ्यावर किंवा शँकवर तांबूस-तपकिरी भुकटी दिसली तर तिथे बारीक सरकणं चालू आहे, म्हणजे दाब कमी पडतोय. एकाच बोल्टाच्या एका बाजूला चकाकी असेल तर दोन शाफ्ट सरळ रेषेत नाहीत का, ते आधी पाहावं लागेल. हे कपलिंग कडक आहे, शाफ्टांमधली वाकडी रेषा ते सामावून घेत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात मधल्या दोन प्लमर ब्लॉकखाली शिम घालून फ्लँजच्या चेहऱ्यावर डायल फिरवणार आहे.