पोत्यात 11 किलो, ॲपवर शून्य

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी सकाळी, बाबांच्या दुकानासाठी मी केलेल्या ॲपला पहिले दोन रिव्ह्यू आले, दोन्ही एका चांदणीचे. पहिला: 'एकदाच ऑर्डर केली, सामान दोनदा आलं.' दुसरा: 'पातळ पोहे संपले म्हणून दाखवतं, दुकानात गेले तर पोतं भरलेलं.' मला वाटलं, दोन वेगळ्या भानगडी आहेत.

आधी पोह्यांचं बघितलं. 40 किलो माल भरला होता. ॲपवर शिल्लक शून्य आणि पोतं काट्यावर ठेवलं तर 11 किलो. ॲपच्या हिशेबातून हे 11 किलो गेले कुठे, म्हणून ऑर्डरींची यादी काढली. त्यात पाच जोड्या सापडल्या. गिऱ्हाईक तेच, यादी तीच, मध्ये जेमतेम मिनिटभराचं अंतर. एका जोडीतली दुसरी ऑर्डर पोऱ्या खरंच घेऊन गेला होता आणि काकूंनी ती परत पाठवली. पहिला रिव्ह्यू त्यांचाच. ते 2 किलो पोहे पोत्यात परत गेले, ॲपमध्ये गेले नाहीत.

उरलेल्या चार?

"त्या होय?" बाबा म्हणाले आणि गल्ल्यामागच्या तारेला टोचलेल्या चार चिठ्ठ्या काढून दिल्या. "एकाच घरातनं एवढे पोहे कशाला मागवतील? मी फोन करून विचारलं आणि दुसरी चिठ्ठी बाजूला ठेवली."

चार चिठ्ठ्यांवर मिळून 9 किलो. हिशेब जुळला. बाबांनी चूक वेळेवर पकडली होती, पण ॲपला ते कुणी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी तारेला आणि माल मात्र 'विकलेला'. म्हणजे दोन्ही रिव्ह्यूंचं मूळ एकच होतं.

आता ऑर्डर दोनदा पडतेच का? सर्व्हरचा लॉग उघडला. ऑर्डर अर्ध्या सेकंदाच्या आत नोंदली जात होती. त्यानंतर सर्व्हर गिऱ्हाइकाला 'ऑर्डर मिळाली' असा मेसेज पाठवायचा आणि तो गेल्यावरच ॲपला उत्तर द्यायचा. एरवी मेसेजला दोन सेकंद लागतात, सणाच्या गर्दीत बारा ते चौदा लागत होते. ॲप थांबतं दहा सेकंद. त्यामुळे ऑर्डर नोंदलेली असूनही स्क्रीनवर 'ऑर्डर गेली नाही, पुन्हा प्रयत्न करा'. माणूस पुन्हा बटण दाबणारच. आणि ते पुन्हा दाब, असं सांगणारा मीच.

पहिला विचार आला की एकदा दाबलं की बटण बंद करावं. त्यानं भागत नाही, कारण लोक ॲप बंद करून पुन्हा उघडतात. सारखी यादी दिसली की दुसरी नाकारावी म्हटलं, तर एखादी बाई बहिणीसाठी खरंच तेच सामान पुन्हा मागवते. ओळखायला हवी ती यादी नाही, तर प्रयत्न. म्हणून प्रत्येक ऑर्डरीला फोनमध्येच एक क्रमांक द्यायचा आणि टेबलात त्या क्रमांकावर `UNIQUE` बंधन घालायचं:

```sql
INSERT INTO orders (request_id, customer_id, total)
VALUES ($1, $2, $3)
ON CONFLICT (request_id) DO NOTHING;
```

ओळ घातली गेली तरच त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये शिल्लक कमी करायची. गेली नाही, तर जुनाच ऑर्डर नंबर परत द्यायचा, चूक म्हणून दाखवायची नाही.

गंमत आहे ती क्रमांक कधी तयार करायचा यात. बटण दाबल्यावर केला तर दर दाबण्याला नवा क्रमांक मिळतो आणि सगळं मुसळ केरात. पिशवीत पहिली वस्तू पडली की तो करायचा, फोनमध्ये साठवायचा आणि सर्व्हरचं 'मिळाली' आलं की मगच पुसायचा. एक फट तरीही राहते: उत्तर न आल्यावर गिऱ्हाइकानं यादीत गूळ वाढवला, तर जुनाच नंबर परत येईल आणि गूळ जाणार नाही. म्हणून अशा वेळी यादी बदलू देण्याआधी ॲप सर्व्हरला विचारतं, पहिली पोचली का?

मेसेज मात्र त्याच दुपारी रांगेत टाकला. आता उत्तर आधी जातं, मेसेज मागून. हा बदल सर्व्हरवरचा, त्यामुळे लगेच लागू झाला. क्रमांकाचा बदल ॲपमधला, त्याला अपडेट हवं आणि सगळे एका दिवशी अपडेट करत नाहीत. तोवर चिठ्ठी बाजूला ठेवली की ॲपमध्येही रद्द करायची, असं ठरलं. त्यासाठी बाबांच्या स्क्रीनवर बोटाएवढं लाल बटण दिलं.

मामेभाऊ म्हणाला, घरच्या दहा जणांकडून पाच-पाच चांदण्या टाकून घेऊ. प्ले स्टोअरच्या नियमात ते बसत नाही. वाईट रिव्ह्यू आपल्याला काढताही येत नाही, फक्त उत्तर देता येतं, तेही 350 अक्षरांत. मी माफी एका वाक्यात मागितली आणि उरलेल्या अक्षरांत ऑर्डर दोनदा का पडली ते लिहिलं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "पोहे आहेत, हे लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. 'माफ करा'च्या पुढचा एक शब्द काढून ते बसवलं.