हर्रास वाचता वाचता सरला: पहाटबाजाराच्या पाट्या, मसुदा चौथा

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की पहाटबाजाराच्या टाइमलॅप्सवर मजकूर दाखवणाऱ्या पाट्यांची संहिता पक्की झाली, आता फक्त वेलांटीचा घोळ राहिला. वेलांटीचा घोळ सुटला, पण संहिता मात्र मोडीत निघाली. गेल्या आठवड्यात तिसरा मसुदा चढवून तयार व्हिडिओ सांभार म्हणजे कोथिंबीर विकणाऱ्या काकूंना त्यांच्याच ओट्यावर मोबाईलवर दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "वाचतच होती ना रे मी बाप्पा, तं हर्रास सरला बी. माणसं कुठी दिसले?"

काकूंचं खरं होतं, हर्रास म्हणजे बाजारातला लिलाव वाचण्यातच सरत होता. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा चूक कुठे आहे ते कळलं.

चित्रण पहाटे ४:४५ ते ८:००, दर ५ सेकंदांनी एक फ्रेम, एकूण २३४० फ्रेमा. सेकंदाला २५ फ्रेमांनी त्याचे ९३.६ सेकंद होतात. म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद हा बाजारातली सव्वादोन मिनिटं तरी नाही, पण दोन मिनिटं ५ सेकंद नक्की आहे. माझ्या पाट्या सरासरी सहा शब्दांच्या. काकूंनी वाचायला घेतलेला वेळ मोजला तर पाटीला ४ सेकंद लागतात. तेवढ्यात बाजार ८ मिनिटं २० सेकंद पुढे गेलेला असतो. वांग्याच्या एका कट्ट्याची बोली मिनिटाच्या आत तुटते, ती पडद्यावर अर्धा सेकंदही टिकत नाही. अख्खा हर्रास ६:०५ ते ६:३१, पडद्यावर साडेबारा सेकंद, आणि त्यावर मी तीन पाट्या टाकल्या होत्या. बारा सेकंद वाचन, अर्धा सेकंद हर्रास!

साध्या व्हिडिओत हे जाणवत नाही, कारण पाटी वाचून नजर वर केली तरी चहा पिणारा माणूस चहाच पीत असतो. टाइमलॅप्समध्ये तो उठून गेलेला असतो.

आधी पाट्या छाटून पाहिल्या. "हर्रास सुरू" एवढंच ठेवलं, पण ते चित्रात दिसतंच आहे, मग पाटी कशाला? नंतर फ्रेम गोठवली. ते सगळ्यात वाईट. टाइमलॅप्स थांबला की बघणाऱ्याला वाटतं नेटवर्क गेलं. मग जुन्या मूकपटांसारखी पूर्ण काळी पाटी मध्ये घातली. त्यात वेळ वाया जात नाही, चित्र सोडलं तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या वीस सेकंदांत, अंधारात, ती छान बसली. पण झुंजुमुंजू झाल्यावर बिघडली. चार सेकंद काळं पाहिलेल्या डोळ्याला नंतरची फ्रेम आहे त्यापेक्षा खूप उजळ वाटते, उजाडणं एकदम धक्का देऊन आल्यासारखं होतं. आपण अख्खी पहाट ज्या हळू चढणाऱ्या उजेडासाठी जागलो तोच तुटतो. त्यावर एक उपाय सापडला: पाटीचा रंग काळा न ठेवता आधीच्या फ्रेममधल्या आभाळातून उचलायचा. सहा वाजता जांभळट राखाडी, साडेसहाला फिकट निळा. धक्का जवळजवळ गेला.

खरी गाठ मात्र रंगानं सुटली नाही, क्रियापदानं सुटली. माझ्या सगळ्या पाट्या भूतकाळात होत्या: "भट्टी पेटली", "पहिली मेटॅडोर आली". घटना घडून गेल्याची बातमी. पाटी घटनेच्या आधी यायला हवी, आणि तिनं काय झालं ते न सांगता कुठे पाहायचं ते सांगायला हवं.

चहाच्या भट्टीवर हे करून पाहिलं. भट्टी ५:१२ ला पेटते, म्हणजे सुरुवातीपासून १६२० सेकंद, फ्रेम ३२४, पडद्यावर १३ वा सेकंद. पाटी ३ सेकंद हवी, आणि ती गेल्यावर नजर चित्रावर परतायला एक सेकंद मोकळा. म्हणून पाटी फ्रेम २२५ ला चढते, ३०० ला उतरते. त्या वेळात बाजारात काय आहे? रिकामे ओटे आणि झोपलेलं कुत्रं. कोणाचं काही बुडत नाही.

जुनी पाटी: भट्टी पेटली. बाजाराचा पहिला उजेड.
नवी पाटी: निंबाखाली पाहा. तिथं पहिला उजेड पडेल.

पुन्हा काकूंना दाखवलं. भट्टी पेटली तशी त्यांनी स्वतःहून बोट लावलं, "हा पाय, पेटली!" तीन महिन्यांत पहिल्यांदा पाटी आणि चित्र एकमेकांच्या मदतीला आले. त्या दिवशी मी तो तुकडा वीसेक वेळा पाहिला असेन.

हर्रासाला हा उपाय पुरत नाही. त्याच्या आधी रिकामी जागाच नाही. ५:४० पासून छोटे हत्ती, बंड्या, डोक्यावर डाली घेतलेल्या बाया, सगळं एकदम येतं. म्हणून ठरवलं होतं की हर्रासापुरता अंतराळ, म्हणजे दोन फ्रेमांमधला वेळ, २ सेकंदांचा करायचा. २६ मिनिटांच्या ७८० फ्रेमा होतात, म्हणजे ३१ सेकंद. दोन पाट्या घालूनही तेवीस सेकंद माणसं दिसतील.

पण हे लिहितानाच लक्षात आलं की चालू चित्रणात अंतराळ बदलायला कॅमेऱ्याला हात लावावा लागेल, आणि हात लावला की चौकट हलणारच. माझा ट्रायपॉड नाही, गावातल्या वेल्डिंगवाल्यानं करून दिलेला शिकंजा खांबाला आवळलेला असतो. विकतच्या तीन शिकंज्यांपेक्षा तो बरा, पण बटण दाबलं की एवढासा सरकतोच. तेव्हा बेत बदलला. सगळंच २ सेकंदांनी चित्रित करायचं, हर्रास तसाच ठेवायचा, आणि बाकीच्या बाजारात दर तीन फ्रेमांची सरासरी काढून एक फ्रेम करायची:

```
ffmpeg -framerate 75 -i %05d.jpg -vf "tmix=frames=3,framestep=3" -r 25 -pix_fmt yuv420p bajar.mp4
```

नुसती तिसरी फ्रेम उचलली तर माणसं टुणटुण उड्या मारतात. २ सेकंदांच्या अंतराळात शटर ३ सेकंद ठेवता येत नाही, १.३ पर्यंत आणावं लागतं, आणि आयएसओ ८०० वरून २००० वर जातो. तीन फ्रेमा मिसळल्या की चालीतला धूसरपणा परत येतो आणि दाणेही कमी होतात. काल रात्री अंगणात शंभरेक फ्रेमा काढून पाहिलं. एकच खोट राहिली: गाडीच्या दिव्याची रेघ सलग येत नाही, तीन तुकड्यांत तुटते. हर्रासाआधीच्या वीस मिनिटांत गाड्यांचीच रांग असते, त्यामुळे ते दिसणार. शटर १.६ वर नेलं तर तुकडे जवळ येतील, पण कार्डावर फ्रेम लिहायला ०.४ सेकंदच उरतात. माझं जुनं कार्ड तेवढ्यात पुरं पडतं का, ते आधी घरी तासभर चालवून बघतो.

तीन फ्रेमांची एक झाली की अंतराळ सहा सेकंदांचा होतो, त्यामुळे बाकीचे फ्रेम-आकडे सगळे बदलतील, भट्टीची पाटीसुद्धा. भट्टी आता फ्रेम २७० ला येईल, म्हणजे पाटी १७० ला चढवून २४५ ला उतरवायची. ७ नंतर ऊन ओट्यांवर उतरतं आणि ताडपत्र्यांचे रंग उघडतात. तिथल्या दोन्ही पाट्या मी काढून टाकल्या आहेत. शेवटी फक्त काकूंची सांभाराची जुडी पाण्यानं शिंपडताना दिसेल, तिला पाटी नको.