महिनाअखेरीस ७,२०० रुपये असूनही खात्याला दंड का लागला : माझा अनुभव

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात माझी शेती आहे आणि तालुक्याच्या गावी एका खासगी बँकेत माझे बचत खाते आहे. दूध डेअरीचे पैसे या खात्यात जमा होतात आणि पेरणी, फवारणी, मजुरी यांसाठी मी त्यातूनच पैसे काढतो. खात्यात दरमहा किमान ५,००० रुपये सरासरी शिल्लक ठेवण्याची अट खाते उघडतानाच्या अर्जावर लिहिलेली आहे. जुलैच्या ८ तारखेला या खात्यातून १७७ रुपये कापले गेल्याचा संदेश मोबाईलवर आला आणि कारण म्हणून ‘जून महिन्याची किमान शिल्लक नाही’ असे लिहिले होते. वास्तविक ३० जूनला माझ्या खात्यात ७,२०० रुपये होते. हे कसे झाले ते समजून घेण्यासाठी मी शाखेतून जूनचा खाते उतारा मागून घेतला आणि वहीत स्वतः हिशेब मांडला. तो हिशेब येथे पूर्ण देतो, कारण ‘सरासरी’ या शब्दाचा बँकेच्या दृष्टीने नेमका अर्थ काय, हे त्याशिवाय कळत नाही.

बँक महिन्यातील प्रत्येक दिवसाच्या अखेरीस खात्यात किती रक्कम उरली ते पाहते, त्या सर्व रकमांची बेरीज करते आणि महिन्याच्या दिवसांनी भागते. रविवार आणि सुट्ट्याही यात धरल्या जातात. त्या दिवशी आदल्या दिवसाचीच शिल्लक पुढे चालते. सकाळी दहा हजार भरले आणि दुपारी तेच काढून घेतले, तर दिवसअखेरीस काही उरत नाही, म्हणून त्या भरण्याचा सरासरीला काहीच उपयोग होत नाही. काही बँका हा हिशेब महिन्याऐवजी तिमाहीचा करतात, परंतु पद्धत तीच असते.

माझ्या जूनच्या उताऱ्यात तीनच टप्पे होते. १ ते ९ जून या नऊ दिवसांत ८,२०० रुपये होते. मृगाचा पाऊस झाल्यावर १० तारखेला मी मोंढ्यातून सोयाबीनचे बियाणे आणि डीएपीची गोणी आणण्यासाठी ७,००० रुपये काढले, त्यामुळे १० ते २४ जून असे पंधरा दिवस खात्यात १,२०० रुपये राहिले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. पैसे १० तारखेला काढले असल्याने तो दिवस जुन्या शिलकीत नव्हे, तर नव्या, कमी शिलकीत मोजला जातो. २५ तारखेला डेअरीचे ६,००० रुपये जमा झाले आणि शेवटचे सहा दिवस शिल्लक ७,२०० राहिली.

नऊ दिवस गुणिले ८,२०० म्हणजे ७३,८००. पंधरा दिवस गुणिले १,२०० म्हणजे १८,०००. सहा दिवस गुणिले ७,२०० म्हणजे ४३,२००. तिघांची बेरीज १,३५,०००, आणि तिला तीसने भागले की ४,५००. म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवशी ८,२०० आणि शेवटच्या दिवशी ७,२०० असूनही सरासरी ५,००० पेक्षा ५०० रुपयांनी कमी भरली. मधले पंधरा दिवस भारी पडले. ५,००० ची सरासरी राखायला बेरीज १,५०,००० यायला हवी होती आणि ती १५,००० ने कमी पडली. डेअरीचे तेच ६,००० रुपये तीन दिवस आधी, म्हणजे २२ तारखेला आले असते, तर बेरजेत १८,००० ची भर पडून सरासरी पुरी झाली असती. रक्कम किती, याइतकेच ती किती दिवस खात्यात राहिली, याला येथे महत्त्व आहे.

सरासरीबाबत बँकेचे गणित बरोबर निघाले. मग दंडाचा आकडा तपासला. शाखेच्या सूचना फलकावर शुल्काचा तक्ता लावलेला होता. सरासरी अटीपेक्षा किती टक्क्यांनी कमी आहे, यानुसार त्यात टप्पे होते: वीस टक्क्यांपर्यंत तूट असल्यास १५० रुपये, पन्नास टक्क्यांपर्यंत ३००, आणि त्याहून अधिक असल्यास ५००. माझी तूट ५,००० वर ५०० म्हणजे दहा टक्के, म्हणून पहिला टप्पा लागू झाला आणि १५० रुपयांवर अठरा टक्के दराने २७ रुपये जीएसटी लागून १७७ झाले. काही बँका असे टप्पे न ठेवता तुटीच्या सहा टक्के आकारतात. त्या हिशेबाने मला ३० रुपये आणि जीएसटीचे ५ रुपये ४० पैसे पडले असते. खाते उघडण्यापूर्वी किमान रकमेबरोबरच दंडाची पद्धतही विचारून घ्यावी, असे मला या तुलनेनंतर मनापासून वाटते. तूट लहान असली की टप्प्यांच्या पद्धतीत दंड तिच्या मानाने फार मोठा होतो, आणि हंगामात दोन-तीनशेसाठी अडणाऱ्या माणसाला तो जाणवतो.

आकडा तक्त्याप्रमाणे होता, परंतु तो लावण्याची रीत मात्र मला पटली नाही. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी याविषयी परिपत्रक काढले असून ते १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. शिल्लक कमी पडल्यास बँकेने ग्राहकाला संदेश, ईमेल किंवा पत्राने स्पष्ट कळवावे, शिल्लक पूर्ववत करण्यासाठी कळवल्यापासून किमान एक महिन्याची मुदत द्यावी आणि तरीही ती न भरल्यास मगच दंड लावावा, असे त्यात म्हटले आहे. दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ या दंडामुळे खाते शून्याच्या खाली जाऊ नये, हेही त्यातच आहे. मला मिळालेला संदेश पैसे कापल्याचा होता. त्यापूर्वी कळवल्याचा एकही संदेश मोबाईलमध्ये नव्हता.

मी शाखेत गेलो आणि सहायक व्यवस्थापक मॅडमना उतारा व वहीतला हिशेब दाखवला. त्या म्हणाल्या, “काका, हे चार्जेस सिस्टीमच लावते, आमच्या हातात नसतं.” मी म्हणालो, “मॅडम, सरासरी कमी आहे हे मला मान्य आहे. पण कापण्याआधी मला कधी कळवलं, त्या संदेशाची तारीख तेवढी काढून द्या.” त्यांनी संगणकावर पाहिले. माझा मोबाईल क्रमांक बरोबर नोंदवलेला होता, मात्र जूनच्या तुटीविषयी पूर्वसूचनेची नोंद दिसली नाही. त्यांनीच मला लेखी अर्ज द्यायला सांगितले. अर्जात खाते क्रमांक, कपातीची तारीख, रक्कम, परिपत्रकाची तारीख आणि ‘पूर्वसूचना न देता आकारलेला दंड जीएसटीसह परत करावा’ ही मागणी लिहिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतली. ही पोच जपून ठेवणे आवश्यक आहे, कारण बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि तेथे बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. माझ्यावर ती वेळ आली नाही. जुलै संपल्यानंतर काही दिवसांनी १७७ रुपये खात्यात परत जमा झाले.

दरम्यान जुलै महिन्याचा प्रश्न उभा होताच. १ ते ७ जुलै शिल्लक ७,२०० होती. ८ तारखेला निंदणी-खुरपणीच्या मजुरीसाठी ५,४०० रुपये काढले आणि त्याच दिवशी १७७ कापले गेले, म्हणून १,६२३ उरले. २० तारखेला मी पुन्हा वही उघडली. सात दिवसांचे ५०,४०० आणि तेरा दिवसांचे २१,०९९ मिळून ७१,४९९ झाले होते. जुलैचे दिवस ३१, म्हणून हवी असलेली बेरीज १,५५,०००. राहिलेले ८३,५०१ उरलेल्या अकरा दिवसांत भरून काढायचे, तर २१ तारखेपासून रोज दिवसअखेर ७,५९१ रुपये खात्यात हवेत. आता ५,००० ठेवले की झाले, असा आमच्या गावातील अनेकांचा समज असतो, परंतु महिना अर्धा सरल्यावर तेवढ्याने भागत नाही. हेच काम २६ तारखेपर्यंत लांबवले असते, तर शेवटच्या सहा दिवसांसाठी रोज साडेबारा हजारांहून अधिक लागले असते. मी २१ तारखेला ६,००० रुपये भरले आणि ३१ पर्यंत खात्याला हात लावला नाही. सरासरी ५,०११ भरली.

शेजारच्या एका कुटुंबाच्या खात्यात जेमतेम नव्वद रुपये होते. त्यांच्या बँकेने दंड कापून शिल्लक शून्यावर आणली आणि उरलेला दंड पुढे अनुदान जमा होताच वसूल केला. खाते शून्याखाली गेले नाही, पण येणे बाकी राहिले. अशा कुटुंबाने हे खाते ठेवावेच का, हा माझा प्रश्न आहे. जनधन खाते किंवा बँकेचे मूलभूत बचत ठेव खाते घेतले, तर किमान शिलकीची अटच नसते आणि महिन्यातून निदान चार वेळा विनामूल्य पैसे काढता येतात. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील ही अट काढून टाकली, २०२५ मध्ये कॅनरा बँक आणि पंजाब नॅशनल बँक यांनीही दंड बंद केला. दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेल्या खात्यावर तर कोणत्याच बँकेला हा दंड लावता येत नाही.

पेरणीपासून सोयाबीन मोंढ्यात जाईपर्यंत माझ्या खात्यातील पैसा टिकत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये मी आहे तेच खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलण्याचा अर्ज दिला. असे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, त्यामुळे तसे खाते नसल्याचे लेखी द्यावे लागले. खाते क्रमांक तोच राहणार असल्याची खात्री मी सही करण्यापूर्वी करून घेतली, म्हणजे डेअरीला नवा क्रमांक कळवण्याची गरज पडणार नव्हती.