'ओवी' नव्हे, 'ओव्या': एका शीर्षकाचा शोध

मी जुन्या मराठी काव्यप्रकारांवर ब्लॉग लिहिते. ओवीवरच्या लेखाला 'दळणातून उमललेले शब्द' असं शीर्षक दिलं होतं. मला ते फार आवडलं होतं, पण शोधातून किती जण येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये तीन महिने पाहिलं तरी शोधातून त्या लेखावर जवळपास कुणी येत नव्हतं. ते शब्द कुणी शोधायला टाइपच करत नाही, मग लेख सापडणार कसा?

मग लोक काय टाइप करतात ते गूगलच्या शोधपट्टीखाली येणाऱ्या सूचनांतून पाहायला इन्कॉग्निटो विंडो उघडली. आपल्या खात्यातून शोधलं तर आपल्याच जुन्या शोधांचा सूचनांवर परिणाम होतो, म्हणून लॉगिन टाळलं. नुसतं 'ओवी' लिहिलं, तर खाली 'ओवी नावाचा अर्थ' आलं. बाळाचं नाव शोधणारे हे लोक, माझे वाचक नव्हेत. 'ओवी म्हणजे काय' हीही सूचना होती. पण ती उघडली तर निकालात सगळीकडे दोन ओळींची व्याख्या. परीक्षेची तयारी करणाऱ्याला तेवढंच हवं असतं, माझा लांब लेख तो कशाला वाचेल?

वाट सापडली ती अनेकवचनात. 'ओव्या' लिहिताच मुलीचं नाव गळून पडलं आणि फक्त काव्य उरलं. पुढे एक जागा सोडून क, ज, म अशी एकेक अक्षरं टाकून पाहिली, मग मागे येऊन सुरुवातीलाच 'जात्यावरच्या' घातलं. 'जात्यावरच्या ओव्या' आणि 'जात्यावरील ओव्या' अशी दोन्ही रूपं दिसली. त्या निकालपानाच्या तळाशी, संबंधित शोधांत, 'अर्थ' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हेच. लोकांना ओव्या नुसत्या वाचायच्या नाहीत, त्यातला न कळणारा शब्दही उलगडून हवा आहे.

सूचनांमधून किती जण शोधतात याचा आकडा मिळत नाही, म्हणून पहिल्या पानावरचे निकाल उघडून वाचले. ओव्यांचे संग्रह होते, पण ओवीगणिक अर्थ मला कुठे दिसला नाही. जागा रिकामी होती. नवं शीर्षक ठरलं: 'जात्यावरच्या ओव्या अर्थासह: माहेर आणि भाऊराया'. शोधाचे शब्द मुद्दाम पुढे ठेवले, कारण लांब शीर्षक निकालात शेवटाकडून कापलं जातं. 'जात्यावरील' हे रूप लेखाच्या पहिल्या परिच्छेदात सहज बसलं. काहीजण रोमन लिपीत शोधतात, पण त्यासाठी शीर्षक बिघडवलं नाही. लेखाच्या वेब पत्त्यात तेवढं jatyavarchya-ovya ठेवलं. हे सगळं लेख प्रसिद्ध करण्याआधीच ठरवायला हवं होतं, कारण नंतर पत्ता बदलला की जुन्यावरून नव्याकडे वळवणी लावावी लागते. मीही ती लावली.

एक चूक मात्र झाली. शीर्षक बदललं, लेख तसाच राहिला. इम्प्रेशन्स, म्हणजे लेख निकालांत दिसण्याची संख्या, वाढले, काही क्लिकही आले, पण लोक लगेच परत जात होते. शीर्षकात अर्थ कबूल केला होता आणि आत ओवीच्या इतिहासाचे चार परिच्छेद होते. मग बसून प्रत्येक ओवीखाली तिचा अर्थ लिहिला, इतिहास शेवटी नेला. त्यानंतर वाचक लेखावर थांबू लागले. आता सर्च कन्सोलमधल्या क्वेरींच्या, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या यादीत 'भावाच्या ओव्या' दिसते आहे. पुढचा लेख त्यावरच लिहायला घेतला आहे.