पोस्टातले दहा लाख : मोडायची वेळ आली तर किती कापतील?

बँकेतल्या एफडीची मुदत संपली आणि दहा लाख रुपये हातात आले ते 2025च्या दिवाळीच्या आसपास. ते पोस्टात ठेवायचे हे पक्कं होतं. पण आमच्या सोसायटीचा पुनर्विकास तीन वर्षांत सुरू होईल, की दीड वर्षातच, की कधीच नाही, हे कमिटीलाही सांगता येत नाही. त्यामुळे व्याजदरापेक्षा मला जास्त पडलं होतं ते हे, की यातले पाच लाख मधेच काढावे लागले तर काय कापलं जाईल?

ओळखीच्या एजंटने पाच वर्षांची टीडी, म्हणजे पोस्टाची मुदत ठेव, सुचवली. "काकू, साडेसात टक्के आणि वर 80सीची सूटही." पण मी निवृत्त शिक्षिका. पेन्शन आणि व्याज मिळून माझं वर्षाचं उत्पन्न सहा लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नाला कर लागत नाही आणि त्या प्रणालीत 80सी चालतही नाही. म्हणजे ज्या सुटीसाठी पैसे अडकवायचे, ती मला शून्य रुपयांची. शिवाय 10 नोव्हेंबर 2023 पासून उघडलेली पाच वर्षांची टीडी चार वर्षांच्या आत मोडताच येत नाही. चार वर्षांनी मोडली तर मिळतं ते बचत खात्याचं चार टक्के व्याज. एनएससी, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, त्याहून कडक : खातेदाराचा मृत्यू, कोर्टाचा हुकूम असं काही असेल तरच ती आधी सुटते. या दोन्ही मी तिथेच बाजूला ठेवल्या.

उरल्या तीन : ज्येष्ठ नागरिक बचत योजना (8.2 टक्के), मासिक उत्पन्न योजना म्हणजे एमआयएस (7.4 टक्के) आणि तीन वर्षांची टीडी (7.1 टक्के). माझा समज असा होता की तीन वर्षांनी पैसे लागणार असतील तर तीन वर्षांचीच टीडी बरी, पहिल्या दोन योजनांचं पाच वर्षांचं खातं कशाला मोडायचं? वहीत आकडे मांडल्यावर निघालं उलटंच.

पाच लाखांवर तीन वर्षांच्या टीडीत पूर्ण मुदतीचं व्याज होतं सुमारे 1,09,000. ज्येष्ठ नागरिक योजनेत दर तिमाहीला 10,250, म्हणजे तीन वर्षांत 1,23,000. दोन वर्षं झाल्यावर खातं बंद केलं तर मुद्दलातून एक टक्का कापतात, म्हणजे 5,000. हाती राहतात 1,18,000. मोडूनही नऊ हजार जास्तच! कपात मुद्दलातून होते म्हणून ऐकायला भीती वाटते, पण आधी मिळालेलं व्याज कुणी परत मागत नाही. खरी गोम इथे आहे.

पैसे दीड वर्षातच लागले तर? ज्येष्ठ नागरिक योजनेत तोवर 61,500 व्याज आलेलं असतं. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान कपात दीड टक्का, म्हणजे 7,500. उरतात 54,000. एमआयएसमध्ये तीन वर्षांपर्यंत दोन टक्के कापतात, त्यामुळे 55,500 मधले 45,500च राहतात. टीडीत तर पूर्ण झालेल्या एका वर्षाला एक वर्षाच्या दरापेक्षा दोन टक्के कमी, म्हणजे 4.9 टक्के, आणि उरलेल्या सहा महिन्यांना चार टक्के. एकूण जेमतेम 35,000.

ज्येष्ठ नागरिक योजनेचा धोका पहिल्या वर्षात आहे. वर्षाच्या आत खातं बंद केलं तर व्याज शून्य आणि दिलेलं व्याज मुद्दलातून वसूल होतं. तेवढ्यासाठी मी बचत खात्यात थोडी रक्कम मोकळी ठेवली आहे.

काउंटरवर आणखी एक गोष्ट कळली. या खात्यातून थोडेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. मग दहा लाखांचं एकच खातं न उघडता दोन महिन्यांत पाच-पाच लाखांची दोन उघडली. तीस लाखांच्या मर्यादेत एकाहून जास्त खाती चालतात. व्याज पोस्टाच्या बचत खात्यात जमा करायला सांगितलं, कारण न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. वर्षाचं व्याज 82,000, आणि ज्येष्ठांसाठी टीडीएसची मर्यादा आता एक लाख आहे. त्यामुळे टीडीएसचाही प्रश्न आला नाही.

माझ्या नणंदेचं गणित मात्र वेगळं. त्या गृहकर्जामुळे जुन्या करप्रणालीत आहेत आणि याच योजनेवर 80सीची सूट घेतात. त्यांनी पाच वर्षांआधी खातं बंद केलं तर सूट घेतलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते, म्हणजे एक टक्का कपातीच्या वर करही बसतो. म्हणून त्यांना मी सुचवलं, सूट घ्यायचे दीड लाख वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याला पाच वर्षं हात लावू नका.